शिट्टी काढा, घड्याळ लावा

आपल्याकडे कुकरची वेळ शिट्ट्यांत मोजतात. भाताला तीन, तुरीच्या डाळीला चार, राजम्याला त्याहून जास्त. गॅसजवळ उभं राहावं लागत नाही, बाहेरच्या खोलीतूनही शिट्ट्या मोजता येतात. इडलीला हा हिशेब चालत नाही. तिथे शिट्टी काढून ठेवायची, झाकणावरच्या नळीतून वाफ मोकळी जाऊ द्यायची आणि वेळ घड्याळावर मोजायची. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण शिट्टी का काढायची, घड्याळ नेमकं कधी लावायचं आणि इडली झाली हे कशावरून ओळखायचं, या तीन गोष्टी पक्क्या नसल्या की उत्तम फुललेल्या पिठाच्याही इडल्या बसक्या किंवा मेणचट होतात. मग दोष पिठाला, तांदळाला नाही तर हवेला दिला जातो.

आधी शिट्टीचं बघू. शिट्टी म्हणजे नळीच्या तोंडावर ठेवलेलं वजन. ते वाफेला अडवतं, आतला दाब वाढतो आणि दाब वाढला की पाणी १०० अंशांना न उकळता साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. डाळ-तांदूळ म्हणूनच लवकर शिजतात. डाळीचा दाणा टणक असतो, दाबाने त्याचं काही बिघडत नाही. इडलीचं पीठ मात्र हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेलं असतं. रात्रभर आंबताना पिठात कर्बवायू तयार होतो आणि उडदाचा चिकटपणा तो धरून ठेवतो. सकाळी डाव घातल्यावर पीठ हलकं आणि जाळीदार दिसतं ते याच बुडबुड्यांमुळे. आता शिट्टी लावलेल्या कुकरात आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो. दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्म्यावर येतं. म्हणजे इडलीचा मधला भाग अजून कच्चा असतानाच त्यातले बुडबुडे चेपले जातात आणि त्याच अवस्थेत पीठ शिजून घट्ट होतं. शिवाय घाईने शिट्टी उचलून दाब सोडला, तर इडलीच्या आतलं १२० अंशांचं पाणी एकदम उसळून वाफ होतं आणि इडली फाटते. दाब आपोआप उतरू दिला तर फाटत नाही, पण घट्ट आणि ओलसर राहते. दोन्हीकडून नुकसानच.

शिट्टी काढली की कुकर हा कुकर राहत नाही, त्याचं साधं वाफेचं भांडं होतं. कोकणातल्या घरांत उकडीच्या मोदकांसाठी असलेलं मोदकपात्र काम करतं तसंच हेही करतं. म्हणून ज्यांच्याकडे मोदकपात्र किंवा वेगळं इडलीपात्र आहे त्यांनी तेच वापरावं, पुढचं सगळं त्यालाही लागू आहे. फक्त त्याचं झाकण सपाट असेल तर त्यावर जमलेलं पाणी थेट वरच्या इडल्यांवर ठिबकतं. अशा झाकणाला आतून सुती फडकं बांधावं आणि त्याची टोकं वर गाठीत घ्यावीत, म्हणजे ती गॅसजवळ लोंबत नाहीत. कुकरचं झाकण घुमटासारखं असतं, त्यामुळे थेंब बरेचसे कडेने ओघळतात.

वाफेने पदार्थ शिजतो म्हणजे काय होतं, हे एकदा समजून घेतलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. ही उष्णता वाफेत साठून राहते. वाफ थंड पिठाला किंवा साच्याला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि तिथल्या तिथे त्या ५४० कॅलरी ती देऊन टाकते. एका मध्यम इडलीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं. तेवढं पीठ खोलीच्या तापमानापासून वाफेच्या तापमानापर्यंत न्यायला जेमतेम सहा ग्रॅम वाफ पुरते, म्हणजे लहान चमचाभर पाण्याची. तेव्हा प्रश्न वाफ खूप असण्याचा नाही. प्रत्येक इडलीपर्यंत ती पोचण्याचा आहे आणि इडलीच्या कडेची उष्णता मध्यापर्यंत जायला वेळ देण्याचा आहे.

वाफ पोचण्यात पहिला अडथळा असतो साच्याच्या मांडणीचा. इडलीच्या स्टँडवर चार ताटल्या एकाच दांडीत अडकवलेल्या असतात. त्या अडकवताना वरच्या ताटलीचा खळगा खालच्या खळग्याच्या बरोबर वर आला, तर खालची इडली फुगल्यावर वरच्याच्या बुडाला चिकटते आणि तिचा माथा चेपून राहतो. ताटली थोडी फिरवून वरचा खळगा खालच्या दोन खळग्यांच्या मधल्या जागेवर आणायचा, म्हणजे इडलीला फुलायला जागा मिळते आणि वाफेलाही वाट राहते. खळगे काठोकाठ भरायचे नाहीत, पाऊण भरले की पुरे. तेलाचं बोट आधी फिरवायचं. आणि डावाने पीठ घालताना ते ढवळत बसायचं नाही. भांड्याच्या कडेने डाव खाली नेऊन अलगद उचलायचा. रात्रभर जमलेला वायू इथेच निघून गेला तर पुढे कितीही नीट वाफवलं तरी तो परत येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाच लिटरच्या कुकरात अर्धा लिटर पाणी घातलं की ते साधारण बोटभर उंच येतं. स्टँड आत ठेवून बघावं. पाण्याची पातळी आणि सर्वांत खालची ताटली यांत मोकळी जागा दिसली पाहिजे, कारण उकळताना पाणी उडतं. खालच्या चार इडल्या बुडाशी गिचगिचीत झाल्या तर कारण बहुधा हेच असतं. पाणी कमी घातलं तर धोका वेगळा आहे. शिट्टी लावलेल्या कुकरात वाफ अडवलेली असल्यामुळे थोडं पाणी बराच वेळ पुरतं. इथे वाफ सतत बाहेर जात असते. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटांत पेलाभर तरी पाणी उडून जातं आणि आच मोठी ठेवली तर त्याच्या दीडपटीने. पाणी संपलं तर कुकर करपतो, रबर खराब होतं आणि झाकणावरचा सुरक्षा व्हॉल्व्ह वितळतो. शिट्टी वाजणार नसल्याने हे कळवणारंही कोणी नसतं. यावर जुना उपाय फार चांगला आहे. पाण्यात एक स्वच्छ नाणं किंवा छोटा चमचा टाकायचा. पाणी उकळत असेपर्यंत ते तळाशी खुळखुळत राहतं. खुळखुळ थांबली की पाणी संपत आलं. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचं बोटूक टाकावं, म्हणजे आतून काळा पडत नाही.

झाकण लावण्याआधी नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का, हे बघण्याची सवय करावी. शिट्टी नाही म्हणजे दाब नाही, हे खरं असतं ते नळी मोकळी असेल तरच. आधीच्या खेपेला पीठ किंवा डाळ उतू जाऊन तिच्यात सुकून बसली असेल, तर शिट्टी नसतानाही दाब साठतो. रबर काढून टाकण्याची मात्र गरज नाही. उलट ते लावलेलं असलं की वाफ कडेने न निसटता सगळ्या ताटल्यांमधून वर जाते आणि नळीतूनच बाहेर पडते. त्या नळीवर आपल्याला लक्ष ठेवायचं आहे. नळीवर वाटी उपडी घालण्याची पद्धत काही घरांत दिसते, ती सोडून द्यावी. वाटी वाफ अडवत नाही, नुसती उडते आणि वाफ बघायची सोयही जाते.

आता घड्याळ. दहा मिनिटं म्हणतात, पण कुठून मोजलेली दहा मिनिटं? गॅस पेटवल्यापासून मोजली तर अर्धा वेळ पाणी तापण्यातच जातो. झाकण लावल्यापासून मोजली तरी चूक होते, कारण झाकण लावताना कुकरात हवा भरलेली असते. वाफ खालून भरत येते आणि ती हवा नळीतून बाहेर ढकलते. हवा पूर्ण जाईपर्यंत आतलं तापमान वाफेच्या तापमानाला पोचत नाही. नळीचं तोंड बघितलं तर हे सगळं डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला काहीच नसतं. मग एखादा क्षीण, भरकटणारा धूर दिसतो, तो थांबतो, पुन्हा येतो, अधूनमधून पाण्याचे थेंब थुंकल्यासारखे उडतात. मग आवाज बदलतो, बारीक सूं असा सलग आवाज येऊ लागतो आणि वीतभर उंच, सरळ, न तुटणारी वाफेची धार उभी राहते. ती दिसली की घड्याळ बघायचं आणि आच मध्यम करायची. आच मोठीच ठेवून काही मिळत नाही. बंद न केलेल्या भांड्यात वाफ पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा गरम होत नाही, पाणी मात्र लवकर संपतं.

पुण्यातल्या एका घरातला रविवारचा घाणा डोळ्यांसमोर आणू. पाच लिटरचा कुकर, चार ताटल्या, सोळा इडल्या. आठ वाजता अर्धा लिटर पाणी मोठ्या आचेवर ठेवलं. ते तापेपर्यंत ताटल्यांना तेल लावून पीठ घातलं. आठ वाजून सहा मिनिटांनी पाण्याला खळखळून उकळी आली, तेव्हाच स्टँड आत गेला. हा क्रम महत्त्वाचा आहे. थंड पाण्यात स्टँड ठेवून गॅस लावला तर पीठ हळूहळू कोमट होत राहतं, बुडबुडे वर येऊन फुटतात आणि इडली चपटी होते. उकळत्या पाण्यावर ठेवलं की पहिल्याच मिनिटाला वाफेचा मारा बसतो, बुडबुडे उष्णतेने फुगतात आणि ते निसटण्याआधी भोवतालचं पीठ धरून येतं. झाकण लावल्यावर थंड ताटल्या आणि पीठ बरीच वाफ शोषून घेतात, म्हणून नळी थोडा वेळ गप्प राहते. आठ दहाला सलग धार आली. आच मध्यम. आठ वीसला गॅस बंद. आठ पंचविसाला इडल्या काढायला घेतल्या.

हा दहा मिनिटांचा आकडा नेहमीच्या इडलीचा आहे. पीठ फ्रिजमधून थेट काढून घातलं असेल तर दोन-तीन मिनिटं वाढवावी लागतात. त्यापेक्षा ते तासभर आधी बाहेर काढून ठेवलेलं बरं. बटणाएवढ्या लहान इडल्यांना सहा-सात मिनिटं पुरतात, कारण कडेपासून मध्यापर्यंतचं अंतरच कमी. ताटलीएवढ्या रुंद, कर्नाटकातल्या तट्टे इडलीसारख्या मोठ्या इडलीला पंधरा मिनिटं द्यावीत. एकाच ताटलीच्या चार इडल्या करत असाल तर नळीतून धार लवकर येते, पण तिच्यानंतरचा वेळ फारसा घटत नाही, कारण इडलीची जाडी तीच असते. उंचीचाही थोडा संबंध आहे. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. शिट्टी लावलेला कुकर हा फरक बराचसा झाकतो. शिट्टी काढल्यावर तो जसाच्या तसा इडलीपर्यंत येतो, म्हणून डोंगरावरच्या घरात दोन मिनिटं जास्त धरावीत.

गॅस बंद केल्यावर नळीतली धार ओसरली की झाकण काढायचं आणि काढताना त्याची पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे कोंडलेली वाफ तोंडावर न येता समोर जाते. आता इडली झाली का, हे बघायचं. पहिली खूण डोळ्यांची आहे. कच्च्या पिठाच्या पृष्ठभागाला ओली चकाकी असते. शिजलेल्या इडलीची चकाकी जाऊन ती खडूसारखी निस्तेज पांढरी दिसते आणि मधोमध किंचित फुगलेली असते. कडा निस्तेज आणि मध्यावर नाण्याएवढी चकाकी उरलेली दिसली तर तेवढा भाग अजून कच्चा आहे. दुसरी खूण बोटाची. बोट पाण्यात बुडवून मध्यावर हलकं टेकवायचं. इडली दबते आणि पुन्हा वर येते, बोटाला काही लागत नाही. कच्ची असेल तर खळगा तसाच राहतो. वासही मदत करतो. आंबलेल्या पिठाचा आणि ओल्या उडदाचा उग्र वास जाऊन भाताच्या पेजेसारखा गोडसर वास येऊ लागतो.

खात्रीची चाचणी मात्र सुईचीच. विणायची सुई, सुरीचं टोक किंवा दात कोरायची काडी इडलीच्या बरोबर मध्यात, तळाला टेकेपर्यंत घालायची आणि सरळ वर काढायची. कोरडी आली तर झालं. गोंधळ होतो तो ती ओली आली की. वाफवलेल्या इडलीवर नेहमीच थोडी ओल असते आणि ती सुईला लागते. म्हणून सुई नीट निरखून बघायची. तिच्यावर पाण्यासारखा स्वच्छ थेंब असेल तर ती वाफेची ओल, इडली शिजलेली आहे. पांढरट लेप असेल आणि दोन बोटांत चोळल्यावर तो चिकट, बुळबुळीत लागला तर ते कच्चं पीठ. सुईला कोरडे कण चिकटले असतील तर ती शिजलेल्या इडलीचीच चूर आहे, काळजीचं कारण नाही. हा फरक न कळल्यामुळे झालेल्या इडल्या पुन्हा वाफेवर चढतात आणि चिवट होऊन उतरतात. ही चाचणी कडेच्या नाही तर मधल्या भागावर करायची आणि वरच्या ताटलीवर समाधान न मानता तिच्या फटीतून खालच्या ताटलीतली एखादी इडलीही बघायची.

कच्ची निघाली तर बिघडलं काहीच नाही. झाकण लावून पुन्हा धार आल्यावर तीन मिनिटं द्यायची. मात्र चौथ्या-पाचव्या मिनिटालाच झाकण उघडून बघण्याचा मोह टाळावा. अर्धवट धरलेल्या इडलीला तेव्हा थंड हवा लागते, आतले फुगलेले बुडबुडे आक्रसतात आणि मधला भाग बसतो. एकदा बसलेला भाग पुन्हा फुगत नाही. उलट बाजूने, वीस-पंचवीस मिनिटं वाफेवर राहिलेली इडली कच्ची नसते पण खायला मजा राहत नाही. ती रबरासारखी लागते, तुकडा मोडताना जाळी सुटण्याऐवजी ताणला जातो आणि वरचा पापुद्रा पिवळसर, कडक होतो.

शिजलेली इडली लगेच काढू नये, हे सांगितलं की घरातली भुकेली मंडळी नाराज होतात, पण पाच मिनिटांची ही वाट बघायलाच हवी. तांदळातला स्टार्च वाफेत पाणी पिऊन फुगलेला आणि लिबलिबीत असतो. थोडा निवला की तो आकार धरतो, इडली किंचित आक्रसते आणि खळग्याच्या कडेपासून स्वतःच सुटते. स्टँड कुकरातून बाहेर काढून, ताटल्या वेगळ्या करून ठेवाव्यात. आतच झाकून ठेवल्या तर झाकणाचं पाणी त्यांच्यावर पडत राहतं. मग चमचा पाण्यात बुडवून कडेने एक फेरा घ्यायचा आणि तळाखालून उचलायचं. गरम असतानाच ओढली तर अर्धी इडली साच्यात राहते आणि चांगली शिजलेली असूनही ती कच्ची असल्याचा समज होतो. कच्ची की नुसती गरम, हे मोडलेल्या भागावरून ठरवता येतं. शिजलेल्या इडलीची जाळी वरपासून खालपर्यंत सारखी दिसते. कच्च्या इडलीत तळाच्या जरा वर एक अर्धपारदर्शक, मेणासारखी रेघ असते.

मेणचट रेघ नाही, सुई स्वच्छ आली, तरी इडली बसकी आणि दडस असेल, तर वाफेला दोष देऊ नये. ते पिठाचं दुखणं आहे. पीठ पातळ झालं असेल किंवा पुरतं फुललं नसेल. वाफवण्याचा वेळ वाढवून त्यावर इलाज होत नाही, म्हणून अशा वेळी उरलेल्या पिठाचे डोसे किंवा उत्तप्पे घालावेत.

दुसऱ्या घाण्याच्या आधी कुकरातलं पाणी बघून त्यात उकळतं पाणीच घालायचं. थंड घातलं तर वाफ तुटते आणि घड्याळाचा सगळा हिशेब पुन्हा सुरू करावा लागतो. ताटल्या गरम असतात, त्यांना पीठ घालण्याआधी पाण्याखाली धरून, पुसून, पुन्हा तेल लावावं, नाही तर पीठ पडल्याबरोबर तळाशी धरतं आणि इडली नीट फुगत नाही. उरलेल्या इडल्या फ्रिजमध्ये कडक होतात, कारण निवलेला स्टार्च दाट होत जातो. तो वाफेने पुन्हा मऊ पडतो. अशा इडल्यांवर पाण्याचा हात फिरवायचा, त्या साच्यातच पण शिट्टीशिवाय कुकरात ठेवायच्या आणि नळीतून सलग धार आल्यावर तीन-चार मिनिटांनी काढायच्या.